72 दिवस आले कुठून?

कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा इंटर्नशिपचा अहवाल परीक्षकाच्या हातात पडला की तो पहिल्या पानापासून क्वचितच वाचला जातो. प्रमाणपत्रावर एक नजर जाते, तारखा आणि सह्या पाहिल्या जातात, मग अनुक्रमणिका, आणि तिथून थेट विश्लेषणाचं प्रकरण. कंपनीचा इतिहास, संचालक मंडळाची उतरंड, उत्पादनांची रंगीत छायाचित्रं अशी तीस-चाळीस पानं अंगठ्याखालून सरकन निघून जातात. एका तक्त्यावर बोट थांबतं आणि प्रश्न येतो, ‘हे 72 दिवस आले कुठून?’

समोरच्या विद्यार्थिनीने सूत्र पाठ केलेलं असतं. येणी भागिले विक्री, गुणिले 365. ती ते घडाघडा म्हणून दाखवते. परीक्षक मान डोलावतात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतात. सूत्र त्यांनाही येतं. त्यांना कळायला हवं आहे ते हे, की वर लिहिलेली रक्कम कोणत्या कागदावरून उचलली, खाली लिहिलेली कोणत्या, आणि त्या दोन्ही एकमेकींना लावण्याजोग्या होत्या का.

व्हायवाचा हा प्रसंग पूर्वी मुख्यतः एमबीए आणि अभियांत्रिकीच्या मुलांच्या वाट्याला यायचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात अभ्यासक्रम बदलले आणि पदव्युत्तर वर्गांत ‘ओजेटी’ म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आलं, तेही चार श्रेयांकांचं. त्यामुळे आता एम.कॉम.ची मुलंही सीएच्या ऑफिसात, पतसंस्थेत, कारखान्याच्या अकाउंट्स विभागात काही आठवडे बसतात आणि परत येऊन अहवालावर तोंडी परीक्षा देतात. प्रत्येक विद्यापीठाची गुणांची विभागणी वेगळी असली, तरी रचना बरीचशी सारखी असते. आधी कॉलेजातले मार्गदर्शक, म्हणजे ‘गाइड’, आणि मग अंतर्गत-बाह्य परीक्षकांची जोडी. हातात वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं.

गाइड म्हणजे आपलाच माणूस, तो सोपं विचारणार, असा मुलांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. ‘हे काम विद्यार्थ्याने स्वतः माझ्या मार्गदर्शनाखाली केले आहे’ या वाक्याखाली गाइडची सही असते. अहवाल उचललेला निघाला तर मान खाली जाते ती गाइडची. म्हणून गाइडचे प्रश्न ज्ञान तपासण्याआधी एकच गोष्ट तपासतात. हे काम याच मुलीने केलं आहे का?

उदाहरणासाठी एक अहवाल समोर ठेवू. विद्यार्थिनी कोल्हापूरची, एमबीए फायनान्सची. इंटर्नशिप शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत, विषय खेळत्या भांडवलाचं व्यवस्थापन. कोल्हापूर हे बिडाच्या कास्टिंगचं जुनं ठिकाण असल्याने अशा अहवालांची तिथे वाण नाही. फौंड्री आणि आकडे दोन्ही इथे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत, हिशेब तोंडी करता यावा म्हणून ते गोल घेतले आहेत. वर्षाची उधारीवरची विक्री 36 कोटी 50 लाख, म्हणजे दिवसाला बरोबर 10 लाख. 31 मार्चच्या ताळेबंदात गिऱ्हाइकांकडून येणी 7 कोटी 20 लाख. गिऱ्हाइकांना दिलेली मुदत 45 दिवसांची.

गाइडचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. ‘थोडक्यात सांग, काय केलंस?’ यावर बहुतेक मुलं शीर्षक म्हणून दाखवतात, त्यानंतर उद्दिष्टं. हे उत्तर वाया जातं, कारण शीर्षक मुखपृष्ठावरच आहे. हाच प्रश्न खरं तर विद्यार्थिनीच्या हातात सूत्रं देतो. तिने असं म्हणून पाहावं, ‘सर, कंपनीची उधारी 45 दिवसांची आहे, पण ताळेबंदावरून वसुलीला 72 दिवस लागताना दिसतात. हे 27 दिवस खरंच गिऱ्हाईक लांबवतंय की आकडा तसा दिसतोय, हे मी टॅलीतल्या बिलांवरून तपासलं.’ दोन वाक्यांत विषय, प्रश्न आणि काम कळतं. पुढचे प्रश्नही आपोआप या वाटेवर येतात, कारण परीक्षकाला उत्सुकता असते ती उत्तराची.

मात्र मग उत्तर असायला हवं. इथूनच खरी तयारी सुरू होते.

7 कोटी 20 लाखांना 36 कोटी 50 लाखांनी भागून 365 ने गुणलं की 72 येतात. आता गाइड विचारतात, ‘विक्रीचा आकडा जीएसटीसह आहे की जीएसटीशिवाय?’ नफा-तोटा पत्रकातली विक्री जीएसटी वगळून दाखवलेली असते, कारण कर कंपनीचं उत्पन्नच नाही. पण गिऱ्हाइकाकडून येणी मात्र करासकट असतात, कारण बिल करासकट फाडलेलं असतं. भागाकारात वर करासह रक्कम आणि खाली करावाचून रक्कम, असा हा घोटाळा आहे. कास्टिंगवर 18 टक्के जीएसटी धरला तर 7 कोटी 20 लाखांतला कर काढून टाकल्यावर सुमारे 6 कोटी 10 लाख उरतात, आणि 72 दिवसांचे 61 होतात. अकरा दिवस नुसत्या करामुळे फुगलेले होते. गिऱ्हाइकाने एक दिवसही उशीर केला नसता, तरी हे अंतर दिसलंच असतं.

पुढचा प्रश्न, ‘31 मार्चचीच येणी का घेतलीस?’ पाठ्यपुस्तकात सरासरी येणी घ्या असं लिहिलेलं असतं, पण घाईत वर्षअखेरीचा आकडा उचलला जातो. वर्षाच्या सुरुवातीला येणी 5 कोटी 40 लाख होती असं समजू. सरासरी झाली 6 कोटी 30 लाख. करासह हिशेब केला तर 63 दिवस, कर वगळला तर साधारण 53. म्हणजे एकाच कंपनीचा, एकाच वर्षाचा वसुलीचा काळ 72, 63, 61 आणि 53 असा चार तऱ्हांनी निघतो, आणि चारही ठिकाणी सूत्र तेच आहे.

यातला बरोबर कोणता, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो. 45 दिवसांच्या मुदतीशी तुलना करायची तर कर वगळलेला आकडा घ्यायला हवा, यात वाद नाही. वर्षअखेरीचा घ्यायचा की सरासरी, हे मात्र प्रश्नावर अवलंबून आहे. मार्चमध्ये माल जास्त गेला असेल तर वर्षअखेरीची येणी फुगलेली असते, आणि सरासरी हे फुगणं थोडं निववते. व्हायवात गुण मिळतात ते हे सांगितल्याबद्दल. ‘मी 53 घेतले, कारण अमुक’ हे उत्तर चालतं. ‘मी 72 घेतले, पण ते जीएसटीमुळे आणि मार्चमुळे जास्त दिसतात, हे मला माहीत आहे’ हेही चालतं. ‘सूत्र असंच आहे, सर’ हे चालत नाही.

आता या आकड्यावर उभारलेल्या निष्कर्षाचं काय? अहवालात पान 58 वर लिहिलेलं असतं, ‘कंपनीने वसुलीचं धोरण कडक करावं.’ गाइड इथे पेन ठेवतात. ‘किती पैसे अडकलेत? कोणाकडे?’ याचं उत्तर ताळेबंदात नसतं, ते बिलवार यादीत असतं. टॅलीमध्ये येण्यांचा आउटस्टँडिंग अहवाल वयानुसार पाडून मिळतो. कोणतं बिल किती दिवसांचं आहे, ते त्यात दिसतं. अकाउंट्स विभागातल्या माणसाला तो काढायला पाच मिनिटं लागतात, आणि इंटर्नला तो नुसता बघायला तरी बहुधा मिळतो.

आपल्या फौंड्रीत तो असा निघाला असं धरू. 7 कोटी 20 लाखांपैकी 5 कोटी 90 लाखांची बिलं 45 दिवसांच्या आतली. त्यांची मुदतच संपलेली नाही, तेव्हा त्यांच्यावर वसुली कडक करायची ती कशी? 46 ते 90 दिवसांच्या बिलांत 80 लाख. 90 दिवसांच्या वर 50 लाख. म्हणजे खरी थकबाकी 1 कोटी 30 लाखांची. त्या 50 लाखांतले 30 लाख एकाच गिऱ्हाइकाकडे आहेत, आणि तो पैसे चुकवत नाही, तो भांडतोय. पाठवलेल्या कास्टिंगला मशिनिंग केल्यावर आत पोकळी, म्हणजे ब्लोहोल, निघाले. त्याने माल नाकारला आणि डेबिट नोट पाठवली. फौंड्री म्हणते दोष आमचा नाही. तोवर बिल यादीत उभं आहे.

हे 30 लाख वसुली अधिकाऱ्याने रोज दहा फोन केले तरी येणार नाहीत. हा प्रश्न भट्टीजवळचा आहे, वाळूतला ओलावा, वितळलेल्या धातूचं तापमान, कोअरमधून वायू बाहेर पडायची वाट. खेळत्या भांडवलावरचा अहवाल अशा ठिकाणी अचानक शॉप फ्लोअरवर जाऊन पोचतो, आणि ही जागा दाखवणारा विद्यार्थी परीक्षकाच्या लक्षात राहतो. वर्षानुवर्षं ‘वसुली कडक करावी’ वाचून परीक्षकही कंटाळलेले असतात, हे विसरू नये.

शिफारशीवरचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे. ‘यातून कंपनीचे किती रुपये वाचतील?’ ज्या विद्यार्थ्याने 72 चे 45 करा असं लिहिलं, तो म्हणेल 27 दिवस गुणिले 10 लाख, म्हणजे 2 कोटी 70 लाख मोकळे होतील. बँकेचं कॅश क्रेडिट 10 टक्क्यांनी असेल तर वर्षाला 27 लाखांचं व्याज वाचेल. ऐकायला छान. पण वयवार यादी सांगते की मुदत उलटून गेलेले आणि वादात नसलेले पैसे फक्त 1 कोटी आहेत. ते सगळे वेळेवर आले तरी बचत 10 लाखांची. 27 लाखांचा दावा कंपनीच्या फायनान्स मॅनेजरसमोर केला असता तर तो हसला असता. परीक्षक हसत नाहीत, ते गुण लिहितात.

अशा अहवालात दुसरी शिफारसही हमखास असते. देणी जरा लांबवा, म्हणजे पुरवठादारांचे पैसे उशिरा द्या, त्याने खेळतं भांडवल सुटेल. आपल्या फौंड्रीत पुरवठादारांना सरासरी 60 दिवसांनी पैसे मिळतात असं समजू. यावर अलीकडे व्हायवात एक प्रश्न विचारला जाऊ लागला आहे, आणि तो अनेकांना आडवा करतो. ‘तुझे पुरवठादार कोण आहेत? 43बी(एच) माहीत आहे का?’

2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात हे उपकलम घातलं आणि ते 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली आणि त्याचे पैसे एमएसएमई कायद्यातल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही. ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी मिळतो. मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, करार नसेल तर 15. याशिवाय 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं ते वेगळंच.

शिरोलीतल्या फौंड्रीला पॅटर्न करून देणारा, कास्टिंग घासून देणारा, छोट्या शेडमध्ये दोन लेथ लावून मशिनिंगचं जॉबवर्क करणारा, हे बहुतेक सूक्ष्म किंवा लघु उद्योगच असतात. त्यांना 60 दिवस थांबवलं तर व्याज वाचण्याऐवजी कर वाढण्याची पाळी येते. उलट पिग आयर्न मोठ्या कंपनीकडून येत असेल तर हे उपकलम तिथे लागत नाही, आणि भंगार निव्वळ व्यापाऱ्याकडून येत असेल तर तिथेही नाही. म्हणून ‘देणी 60 दिवस’ हा एक आकडा पुरत नाही, तो पुरवठादारानुसार फोडावा लागतो. अहवाल छापून झाला असेल आणि हे त्यात नसेल, तरी निदान तोंडी सांगता आलं पाहिजे. देण्यांचं प्रकरण बदलून टाकणारी ही बाब आहे, पण जुन्या अहवालांवरून नवा अहवाल उतरवणाऱ्याला ती दिसत नाही, कारण जुन्या अहवालांच्या वेळी ती नव्हतीच.

येण्यांच्या बाजूनेही याचंच एक भावंड आहे. आपली फौंड्री स्वतः एमएसएमईमध्ये मोडत असेल आणि तिचं गिऱ्हाईक मोठी वाहन किंवा पंप कंपनी असेल, तर तिची बिलं ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन व्यवस्थेवर वटवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या या मंचावर बँका बिलांसाठी बोली लावतात आणि पैसे मुदतीआधी हातात येतात. 250 कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची झाली आहे. ‘वसुली कडक करा’ ऐवजी ‘तीन मोठ्या गिऱ्हाइकांची बिलं ट्रेड्सवर टाकून पाहा, बँकेच्या 10 टक्क्यांपेक्षा दर कमी पडतो का ते तपासा’ ही शिफारस केव्हाही जास्त वजनाची.

आता चालू गुणोत्तर, म्हणजे करंट रेशो. अहवालात लिहिलं आहे, ‘आदर्श प्रमाण 2:1, कंपनीचं 1.40, म्हणून असमाधानकारक.’ हे वाक्य इतक्या अहवालांत, इतक्या वर्षांपासून जसंच्या तसं सापडतं की त्यावर प्रश्न न विचारणारा परीक्षक विरळा. ‘असमाधानकारक असेल तर बँकेने कॅश क्रेडिट दिलं कसं?’

भारतातल्या बँका खेळत्या भांडवलाचं कर्ज देताना बराच काळ ज्या हिशेबाने चालत आल्या, त्याचं मूळ 1975 च्या टंडन समितीत आहे. तिच्या दुसऱ्या पद्धतीनुसार चालू मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा धंद्याने स्वतःच्या, दीर्घ मुदतीच्या पैशांतून उभा करायचा. उरलेले तीन हिस्से पुरवठादार आणि बँक यांचे. चाराला तीनने भागलं की 1.33 येतात, आणि बँकेच्या माणसाच्या डोक्यात हाच आकडा असतो. आपल्या फौंड्रीची चालू मालमत्ता 12 कोटी 60 लाख, चालू देणी 9 कोटी. चौथा हिस्सा 3 कोटी 15 लाख हवा, प्रत्यक्षात दोन्हींतला फरक 3 कोटी 60 लाखांचा आहे. म्हणजे बँकेच्या मोजपट्टीवर कंपनी पास आहे. 2:1 हे पाठ्यपुस्तकातलं एक ढोबळ प्रमाण आहे, ते म्हणायला हरकत नाही, पण शेजारी 1.33 ची माहिती असावी. शिवाय 1.40 हे खरोखर किती भक्कम आहे हे चालू मालमत्तेत काय भरलंय त्यावर ठरतं. वर्षभर न हललेली कास्टिंग त्यात धरली असतील तर ते तेवढं भक्कम नाही.

साठ्याच्या आकड्यावर फौंड्रीत एक खास प्रश्न येतो, विशेषतः बाह्य परीक्षक उद्योगातला असेल तर. साच्यात ओतलेल्या धातूपैकी सगळा विकण्याजोगा होत नाही. धातू आत जाण्याच्या वाटा आणि वरचे रायझर कापून पुन्हा भट्टीत जातात, नाकारलेली कास्टिंगही जातात. हा परतीचा माल साठ्यात कोणत्या भावाने धरला आहे? धातूच्या भावाने की तयार कास्टिंगच्या? आणि शेडमध्ये रचून ठेवलेले पॅटर्न कोणाचे? ते बऱ्याचदा गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात, तेव्हा फौंड्रीच्या साठ्यात ते नसतातच. ज्याने आठ आठवड्यांत एकदाही शेडमध्ये चक्कर मारली नाही, त्याला हे प्रश्न परके वाटतात. ज्याने मारली त्याला ते सोपे जातात, आणि परीक्षकाला हेच बघायचं असतं.

हजेरी तपासणारे प्रश्न वरवर साधे वाटतात. कंपनीत कोणाला रिपोर्ट करत होतीस? बसायला जागा कुठे होती? तिसऱ्या आठवड्यात काय केलंस? कामाची डायरी, म्हणजे लॉगबुक, रोजच्या रोज लिहिलेली असेल तर यांची तयारी करावी लागत नाही. पण ती बऱ्याचदा शेवटच्या रात्री एकाच पेनने, एकाच अक्षरात लिहिली जाते, आणि तिच्यात रविवारचीही हजेरी लागलेली सापडते. व्हायवाच्या आठवडाभर आधी रुजू झाल्याचं पत्र, पूर्णतेचं प्रमाणपत्र, डायरी आणि अहवालातल्या तारखा एकमेकांशी ताडून घ्याव्यात. प्रमाणपत्र 31 जुलैपर्यंतचं आणि अहवालात मॅनेजरची मुलाखत 9 ऑगस्टची, अशी विसंगती परीक्षकाला पानं उलटतानाच दिसते. ती निरुपद्रवी असेलही, पण उत्तर तयार पाहिजे.

कंपनीचं नाव किंवा खरे आकडे द्यायला मनाई असेल तेव्हा मुलं गडबडतात. खरं तर त्याला सरळ मार्ग आहे. सर्व रकमांना एकाच संख्येने गुणायचं, आणि तसं केल्याचं अहवालात लिहायचं. गुणोत्तरं आणि दिवस बदलत नाहीत, कारण वर-खाली दोन्हीकडे तोच गुणक असतो. काही रकमा बदलल्या आणि काही नाहीत, असं केलं की मात्र सगळं विश्लेषण कोसळतं. ‘आकडे खरे आहेत का?’ या प्रश्नाला ‘गुणोत्तरं खरी आहेत, रकमा एका ठरावीक गुणकाने बदलल्या आहेत, कंपनीच्या मार्गदर्शकांना ते ठाऊक आहे’ हे स्वच्छ उत्तर आहे.

मग प्रत्यक्ष तयारी कशी करायची? अहवालाची एक साधी झेरॉक्स घ्यावी आणि विश्लेषणाच्या प्रकरणातल्या प्रत्येक तक्त्याशेजारी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात. वरची रक्कम कुठून आली, खालची कुठून आली, आणि हा आकडा दुसऱ्या रीतीने काढला तर किती येतो. जिथे पहिल्या दोन जागा भरता येत नाहीत, तिथे धोका आहे. बहुतेक अहवालांत असे दोन-तीन तक्ते निघतातच. अकाउंट्समधल्या कुणीतरी एक्सेल शीट दिलेली असते, ती तशीच चिकटवलेली असते. व्हायवाआधी त्या माणसाला एक फोन करून विचारणं हे शंभर संभाव्य प्रश्नोत्तरं पाठ करण्यापेक्षा जास्त कामाला येतं. पंधरा-वीस तक्त्यांना एक संध्याकाळ लागते. त्यानंतर मित्राच्या हातात प्रत द्यावी आणि त्याने कुठलंही पान उघडून फक्त ‘हे कुठून आलं?’ एवढंच विचारावं. मित्र कॉमर्सचा नसला तर उत्तम.

ही उजळणी करताना छापलेली चूक सापडते, तेव्हा मुलांचा जीव जातो. अहवाल बांधून, सह्या होऊन जमा झालेला असतो. काहीजण चूक कोणाला दिसू नये म्हणून देवाला हात जोडतात. त्यापेक्षा एका कागदावर शुद्धिपत्र करून गाइडना आधीच दाखवावं. पान अमुक, तक्ता अमुक, छापलं 72, कर वगळून 61, निष्कर्षात पुढील बदल. गाइडनी मान्य केलं तर त्याच्या दोन प्रती व्हायवाला न्याव्यात. स्वतःची चूक स्वतः शोधलेला विद्यार्थी गुण गमावतो असं सहसा होत नाही. परीक्षकाने शोधलेली चूक नाकारणारा मात्र हमखास गमावतो.

उत्तर येत नसेल तर काय, हा प्रश्न मुलं सर्वांत आधी विचारतात, म्हणून तोही घेऊ. ‘माहीत नाही’ म्हणायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नये. 43बी(एच) ऐकलं नसेल तर ‘हे मी तपासलं नाही. माझ्याकडे पुरवठादारांची यादी आहे, त्यातले उद्यम नोंदणी असलेले वेगळे काढून त्यांचे दिवस मोजावे लागतील’ इतकं म्हणता येतं. त्यासाठी कलम पाठ असावं लागत नाही, आपल्या माहितीत काय आहे हे ठाऊक असावं लागतं. भाषेचंही तसंच. अहवाल इंग्रजीत असला तरी कित्येक गाइड मराठीत विचारतात, आणि मुलं उगाच अडखळत इंग्रजीत उत्तर देतात. विचारणाऱ्याने ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत सांगावं.

मर्यादांचं प्रकरण हा अहवालातला सर्वांत आळशी भाग. ‘वेळ अपुरा होता, माहिती गोपनीय होती’ ही दोन वाक्यं तिथे कायम वस्तीला असतात. गाइडचा शेवटचा प्रश्न बहुधा इथूनच निघतो. ‘पुन्हा हेच काम करायला मिळालं तर काय वेगळं करशील?’ आपल्या विद्यार्थिनीकडे याचं उत्तर आता आहे. ताळेबंदाचे दोन आकडे न घेता बारा महिन्यांच्या अखेरची येणी मागायची, म्हणजे मार्चचं फुगणं दिसेल. वयवार यादी पहिल्याच आठवड्यात काढायची. आणि 90 दिवसांवरचं प्रत्येक बिल हातात धरून अकाउंट्सऐवजी आधी क्वालिटी विभागात जायचं, माल परत आलाय का ते विचारायला.